आकृती हरवलेला ट्रान्सफॉर्मर

‘१०० केव्हीए, ११,०००/४३३ व्होल्ट, थ्री फेज ट्रान्सफॉर्मर आकृतीत दाखवला आहे. त्याच्या फेऱ्यांचं गुणोत्तर आणि कार्यक्षमता काढा.’ डिप्लोमा किंवा आयटीआयच्या विद्यार्थ्यासमोर असा प्रश्न येतो. पण झेरॉक्सवर झेरॉक्स काढताना आकृती गळलेली असते आणि खालचे आकडेही पुसलेले असतात. ११,००० ला ४३३ ने भागलं की २५.४ येतं. बहुतेक जण तेच उत्तर लिहून पुढे जातात.

प्रश्नातला ट्रान्सफॉर्मर गावोगावी शेताच्या बांधावर दिसतो. लोक त्याला ‘डीपी’ म्हणतात. त्याच्या पाटीवर बहुधा Dyn11 अशी खूण असते. मोठा D म्हणजे ११,००० व्होल्टची बाजू डेल्टा जोडणीत आहे. छोटा y म्हणजे ४३३ व्होल्टची बाजू स्टारमध्ये आहे, आणि n म्हणजे तिचा न्यूट्रल बाहेर काढला आहे. ११ हा आकडा दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजमधला कोन सांगतो. गुणोत्तर काढताना तो लागत नाही.

डेल्टामध्ये प्रत्येक वाइंडिंगवर पूर्ण ११,००० व्होल्ट येतात. स्टारमध्ये ४३३ व्होल्ट दोन फेजमध्ये मोजलेले असतात. एका वाइंडिंगवर त्याचा १.७३२ वा भाग, म्हणजे २५० व्होल्ट येतात. फेरे वाइंडिंगवर असतात, म्हणून गुणोत्तर ११,००० भागिले २५०, म्हणजे ४४. दोन्ही बाजू स्टार असत्या तर २५.४ बरोबर ठरलं असतं. पाटीवरचे आकडे तेच राहून केवळ जोडणीमुळे उत्तर २५.४ किंवा ४४ होतं, आणि ती जोडणी नेमकी हरवलेल्या आकृतीत होती.

अशा वेळी इतर माहितीतून जोडणी हुडकता येते. कमी व्होल्टेजच्या बाजूने चार तारा निघत असतील, तर त्या बाजूला न्यूट्रल आहे आणि ती बाजू बहुधा स्टार आहे. उच्च व्होल्टेजच्या बाजूला मात्र तीनच टोकं दिसतात. तिथे स्टार की डेल्टा हे नुसतं बघून ठरत नाही. पाटीच वाचावी लागते. प्रश्नात एका वाइंडिंगचा प्रवाह दिला असेल तर पडताळाही घेता येतो. पूर्ण भाराला ४३३ च्या बाजूला १३३.३ अँपिअर आणि ११,००० च्या लाइनवर ५.२५ अँपिअर वाहतात. डेल्टाच्या एका वाइंडिंगमध्ये त्यातले ३.०३ अँपिअर असतात. १३३.३ भागिले ३.०३ पुन्हा ४४ देतं.

आणखी एक चकवा आहे. ४३३ हा भार नसतानाचा आकडा आहे. भार आला की ट्रान्सफॉर्मरच्या आतच थोडं व्होल्टेज खर्च होतं आणि टोकांवर कमी उरतं. प्रश्नात भारावरचे ४१५ व्होल्ट दिलेले असले आणि तेच भागाकारात घातले, तर ४४ ऐवजी जवळपास ४६ येतं. म्हणून व्होल्टेज कोणत्या अवस्थेत मोजलं आहे, हे आधी पाहायला हवं.

कार्यक्षमतेची गोष्ट याहून कडक आहे. गुणोत्तर निदान पाटीवरून काढता येतं. पण ४४ या आकड्यावरून कार्यक्षमतेबद्दल काहीच कळत नाही. तिला चार गोष्टी लागतात: गाभ्यातली हानी (आयर्न लॉस), वाइंडिंगच्या तारेतली हानी (कॉपर लॉस), भार किती आहे आणि पॉवर फॅक्टर किती आहे. समजा आयर्न लॉस २५० वॅट आणि पूर्ण भारावरचा कॉपर लॉस १,५०० वॅट आहे. पॉवर फॅक्टर १ असताना पूर्ण भाराला कार्यक्षमता ९८.२८ टक्के येते. पॉवर फॅक्टर ०.८ झाला की ती ९७.८६ वर येते. भार पाव केला तर कॉपर लॉस सोळा पटींनी घटतो, आयर्न लॉस तेवढाच राहतो, आणि पॉवर फॅक्टर १ ला कार्यक्षमता ९८.६४ टक्के होते. ट्रान्सफॉर्मर तोच असून उत्तरं तीन आली. भार न सांगता ‘कार्यक्षमता काढा’ म्हणणं अपुरं आहे, ते यामुळे.

आत जाणारी आणि बाहेर येणारी वीज मोजून भागाकार का करू नये? कारण हानी फारच थोडी असते. वर १,०१,७५० वॅट आत जाऊन १,००,००० बाहेर येतात. आतला मीटर अर्धा टक्का कमी आणि बाहेरचा अर्धा टक्का जास्त दाखवत असेल, तर १,७५० ऐवजी साडेसातशेच्या आसपास हानी दिसेल. म्हणून प्रयोगशाळेत ओपन सर्किट चाचणीने आयर्न लॉस आणि शॉर्ट सर्किट चाचणीने कॉपर लॉस वेगवेगळे मोजतात. प्रश्नात आकडे गळले असतील तर आधी या दोन चाचण्यांचे वॅट शोधावेत.

आकृती मिळालीच नाही, तर उत्तराच्या पहिल्या ओळीत गृहीतक लिहावं: ‘डेल्टा-स्टार जोडणी आणि भार नसतानाचं व्होल्टेज धरलं आहे.’ हानीचे आकडे नसतील तर कार्यक्षमतेचा अंदाज ठोकू नये. सूत्र लिहून कोणते आकडे हवेत तेवढं सांगावं. प्रश्न काढणाऱ्यांनाही एक विनंती आहे. जोडणी, भार, पॉवर फॅक्टर आणि दोन्ही हानी आकृतीवर न सोपवता प्रश्नाच्या मजकुरातच लिहा.