पॉप रिवेट: लांब म्हणजे मजबूत नव्हे

मार्च उजाडला की अकोल्यात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, आणि आमच्या पत्र्याच्या दुकानात गर्दी सुरू होते. मागच्या हंगामात एक काका आपल्या कूलरची बाजूची चौकट घेऊन आले. पत्रा नवा होता, रिवेटही नवे होते. तरी पंखा चालू केला की पत्रा असा खडखडायचा की रात्री कूलर बंद करून झोपावं लागे. “भाऊ, अर्धा इंची रिवेट मारलेत. याच्यापेक्षा मजबूत काय मारू?” असं त्यांनी विचारलं. त्यांच्या प्रश्नातच चूक होती, पण ती एकट्या त्यांची नव्हे. पॉप रिवेटबद्दल दोन-तीन समजुती दुकानादुकानांत इतक्या घट्ट बसल्या आहेत, की रिवेट मात्र सैल राहतात.

समज: रिवेट जितका लांब, तितका जोड पक्का

आधी हा रिवेट बसतो कसा ते पाहू. त्याचे भाग दोन असतात. एक टोपी असलेली पोकळ नळी, बहुधा अॅल्युमिनियमची, आणि तिच्यातून गेलेला खिळा, बहुधा लोखंडी. खिळ्याचं डोकं नळीच्या पलीकडच्या तोंडाशी असतं. गन दाबली की खिळा आपल्याकडे ओढला जातो आणि त्याचं डोकं नळीत घुसून तिला फुगवतं. तो फुगा पत्र्याच्या मागच्या अंगाला टेकला, ताण एका ठरावीक मर्यादेपर्यंत चढला, की खिळा मुद्दाम बारीक ठेवलेल्या ठिकाणी तुटतो. पत्रे धरून ठेवणारी चीज म्हणजे हा फुगा आणि पुढची टोपी. या दोघांमध्ये पत्रे चिमटीत सापडले पाहिजेत.

म्हणून नळी लागते ती दोन कामांपुरती: पत्र्यांची एकूण जाडी भरायला, आणि पलीकडे फुगा करायला. फुग्यासाठी साधारण रिवेटच्या व्यासाएवढी ते व्यासाच्या दीडपट लांबी पुरते. 3.2 मिलिमीटरच्या रिवेटला ती होते 3.2 ते 4.8 मिलिमीटर.

आता काकांचा हिशेब करू. बाजूचा पत्रा 22 गेजचा, म्हणजे सुमारे 0.7 मिलिमीटर. तो ज्या घडीच्या पट्टीवर बसवायचा ती 18 गेजची, सुमारे 1.2. एकूण जाडी 1.9, रंगासकट दोन धरू. दोनात फुग्याची लांबी मिळवली की 5.2 ते 6.8 होतात. म्हणजे 6 मिलिमीटरचा, किंवा इंचात मागायचा तर पाव इंची रिवेट इथे नेमका बसतो, कारण पाव इंच म्हणजे 6.35. काकांनी मारला होता अर्धा इंची, 12.7 मिलिमीटरचा. दोन मिलिमीटर पत्र्यात गेले आणि जवळजवळ अकरा मिलिमीटर नळी मागे हवेत राहिली.

एवढ्या नळीचं काय होतं? कधी तिचं टोकच फुगून गच्च होतं आणि खिळा तिथेच तुटतो. फुगा पत्र्यापासून लांब राहतो, आणि टोपी नखाने गोल फिरवता येते. कधी डोकं नळी फाकवत पार पुढपर्यंत येतं. खिळ्याची तुटायची जागा त्याच्या डोक्यापासून ठरावीक अंतरावर असते. त्यामुळे डोकं गरजेपेक्षा जास्त पुढे आलं, की तुटलेला भाग टोपीच्या वर निघून राहतो. काकांच्या चौकटीवर हात फिरवला तर तिसऱ्या-चौथ्या रिवेटला तो टोचत होता. त्यांना वाटत होतं गन खराब आहे.

आखूड रिवेट मात्र बेमालूम फसवतो. पुढून टोपी छान बसलेली दिसते, पण मागे फुगा पुरेसा होतच नाही आणि थोड्या ओढीने नळी भोकातून निसटते. म्हणून पहिला रिवेट मारला की शक्य असेल तिथे मागून बघावं. फुगा पत्र्याला टेकलेला आणि भोकापेक्षा ठळक मोठा दिसला पाहिजे.

चांगल्या डब्यावर हा हिशेब आधीच केलेला असतो. ‘ग्रिप रेंज’ म्हणून दोन आकडे छापतात. 3.2 बाय 6 च्या अॅल्युमिनियम रिवेटला ते साधारण दीड ते साडेतीन मिलिमीटर असतात. आपली जाडी त्या दोन आकड्यांच्या मधे हवी. सुटे रिवेट घेणाऱ्याला हा छाप कधी दिसतच नाही, ही खरी अडचण. एक इशारा गेजबद्दलही: दुकानदाराचा गेज आणि पत्र्याची जाडी यांचं नेहमी जुळतंच असं नाही, म्हणून व्हर्निअर लावून मोजावं. आणि मोजायची ती दोन्ही पत्र्यांची मिळून जाडी. एकाच पत्र्याची मोजून रिवेट नेणारे दर आठवड्याला भेटतात.

समज: 3.2 च्या रिवेटला 3.2 चं बीट, आणि नाही गेला तर 3.5 चं

रिवेटवर लिहिलेला आकडा नळीचा व्यास असतो. भोक त्याच्यापेक्षा किंचित मोठं लागतं, आणि हा ‘किंचित’ म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. 3.2 ला 3.3, 4.0 ला 4.1, 4.8 ला 4.9. आपल्याकडे घोटाळा होतो तो इंचाच्या बीटमुळे. अष्टमांश इंची, ज्याला सगळे ‘एक-आठ’ म्हणतात, ते बीट 3.175 मिलिमीटरचं असतं, म्हणजे रिवेटपेक्षाही बारीक. नळी अडते, माणूस हातोडीने ठोकतो, टोपी वाकते. मग वैतागून तो डब्यातलं पुढचं बीट काढतो: 3.5.

आता 3.5 चं भोक 3.5 चंही राहत नाही. पातळ पत्र्यात साधं बीट गोल भोक पाडत नाही, आणि याचं कारण बीटच्या टोकात आहे. नेहमीच्या बीटच्या टोकाचा कोन 118 अंशांचा असतो. 3.3 च्या बीटला त्या टोकाच्या शंकूची उंची भरते जवळपास एक मिलिमीटर. म्हणजे 0.7 च्या पत्र्यात बीटची पूर्ण रुंदी पत्र्याला लागण्याआधीच टोक पलीकडे निघालेलं असतं. टोकाला धरायला काही उरत नाही, बीट हेलकावे खातं आणि भोक तिकोनी होतं. हातातल्या ड्रिलने 3.5 चं भोक सहज 3.7 पर्यंत फाकतं. 3.2 चा रिवेट त्यात फुगतो खरा, पण सगळी पोकळी भरत नाही. पत्रा आडवा सरकायला मोकळा राहतो, आणि कूलरच्या पंख्याची थरथर त्याला रात्रभर सरकवत राहते.

हे डोळ्यांना दिसत का नाही? 3.2 च्या रिवेटची टोपी साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद असते. तिच्याखाली 3.3 चं भोक आणि 3.7 चं भोक सारखंच झाकलं जातं.

उपाय अवघड नाही. दोन्ही पत्रे एकावर एक ठेवून सी-क्लॅम्पने आवळायचे, खाली लाकडाचा तुकडा द्यायचा आणि दोन्हींतून एकदमच भोक पाडायचं. जाडी दोन मिलिमीटर झाली की बीटला आधार मिळतो, आणि लाकूड टोकाला धरून ठेवतं. आधी सेंटर पंचची खूण, मग 2.5 चं भोक, मग 3.3. एक भोक झालं की त्यात रिवेट नुसता घालून ठेवायचा, म्हणजे दुसरं भोक पाडताना पत्रे हलत नाहीत.

यानंतर एक काम राहतं, आणि आमच्या दुकानातली पोरं तेच टाळतात. पत्रे सोडून वेगळे करायचे आणि भोकांच्या कडेला उठलेली धार मोठ्या बीटने हाताने फिरवून काढायची. ही धार दोन पत्र्यांच्या मधे राहिली तर फट पडते. रिवेट फट ओढून मिटवतो असं सगळे धरून चालतात. त्याची ओढ तेवढी नसते. उलट नळी त्या फटीतच फुगते आणि पत्र्यांना कायमचं दूर धरून बसते.

समज: ‘टक्’ वाजलं म्हणजे बसला

तो आवाज खिळा तुटल्याचा असतो. खिळ्याने ताण घेतला एवढंच तो सांगतो. ताण पत्र्यावर आला की नळीतच जिरला, हे त्याला ठाऊक नसतं. तपासायचं तर टोपी नखाने फिरवून बघावी आणि टोपीच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकतो का ते पाहावं. फिरली किंवा सरकला, तर तो रिवेट काढायचा.

काकांच्या चौकटीचे सोळा रिवेट आम्ही असेच काढले. आधी बारीक पंचने आत अडकलेला खिळा मागे ठोकला, नाहीतर अॅल्युमिनियम सोडून बीट त्या लोखंडावरून घसरतं. मग टोपीवर 3.2 चं बीट धरलं. सैल रिवेट बीटबरोबर गरगर फिरू लागतात, तेव्हा टोपी पक्कडीने धरावी लागते. भोकं उघडी पडली तेव्हा बहुतेक 3.6 ते 3.8 ची निघाली. त्यांत पुन्हा 3.2 चा रिवेट घालणं म्हणजे तीच चूक दुसऱ्यांदा करणं. म्हणून सगळी भोकं 4.1 ची केली आणि 4 बाय 6 चे रिवेट घेतले. दोन मिलिमीटर जाडी अधिक चार ते सहा, म्हणजे सहा ते आठ. सहा पुरतात. पट्टी वीस मिलिमीटर रुंद होती आणि भोकं मधोमध. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत निदान व्यासाच्या दुप्पट अंतर लागतं, इथे आठ, आणि आपल्याकडे दहा होते. तेवढे नसते तर मोठ्या भोकाची ही युक्ती सोडून बाजूला नवी भोकं घ्यावी लागली असती.

रिवेट कोणत्या बाजूने घालायचा तेही काकांचं उलटं झालं होतं. त्यांनी पट्टीकडून घातले होते, त्यामुळे फुगा पातळ पत्र्यावर आला होता. जमत असेल तर टोपी पातळ पत्र्याकडे आणि फुगा जाड्याकडे ठेवावा. टोपी रुंद आणि सपाट असते, पातळ पत्र्यावर भार पसरवते. फुगा मात्र भोकाच्या काठावरच जोर देतो.

जाता जाता काका म्हणाले, “टाकीही गळते, तिथेही हेच रिवेट मारतो.” ते मारू नका. साध्या पॉप रिवेटची नळी आरपार उघडी असते. आत राहिलेल्या खिळ्याच्या बाजूने पाणी झिरपतं, आणि तो लोखंडी खिळा गंजून पत्र्यावर तांबडा ओघळ आणतो. पाण्याच्या पातळीखाली बंद तोंडाचा, ‘सील्ड’ म्हणून मिळणारा रिवेट लागतो, आणि दोन पत्र्यांच्या मधे सीलंट.

दुकानात जाल तेव्हा ‘मजबूत रिवेट द्या’ म्हणू नका. दोन्ही पत्र्यांचे तुकडे खिशात घेऊन जा, काउंटरवर एकत्र धरून व्हर्निअरने मोजायला सांगा, आणि त्याच बिलात 3.3 चं बीट घ्या.