खुंबूचा खोकला

४ जून १९२४. एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला साडेआठ हजार मीटरच्या आसपास हॉवर्ड सॉमरवेल हा ब्रिटिश शल्यविशारद थांबला आणि त्याने जोडीदार नॉर्टनला पुढे जायला सांगितलं. पाय चालत होते, घसा चालू देत नव्हता. गेले काही दिवस त्या विरळ, बर्फाळ हवेत धापा टाकून घसा आतून सोलून निघाला होता. नॉर्टन ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय ८,५७३ मीटरपर्यंत पोहोचून परतला आणि दोघं उतरू लागले. वाटेत सॉमरवेलच्या घशात काहीतरी अडकलं. श्वास आत जाईना, बाहेर येईना, आणि ओरडायला आवाजही उरला नव्हता. नॉर्टन पुढे होता. सॉमरवेलला चित्रं काढायचा नाद होता, त्यामुळे हा मागे स्केच काढत बसला असेल अशी नॉर्टनची समजूत झाली. सॉमरवेल मरायच्या तयारीने बर्फात बसला. मग त्याने दोन्ही हातांनी छाती आवळून शेवटचा जोर लावला आणि रक्तासकट तो अडथळा बाहेर पडला. स्वरयंत्राच्या आतल्या अस्तराचाच तो निघालेला पापुद्रा होता. हाच माणूस पुढे त्रावणकोरात नेय्यूरच्या मिशन इस्पितळात वर्षानुवर्षं शस्त्रक्रिया करत राहिला.

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला जाणाऱ्यांवर एवढी वेळ येत नाही. पण त्याच दुखण्याचं सौम्य रूप त्या वाटेवर इतकं सर्रास दिसतं की त्याला नावच पडलंय, ‘खुंबू कफ’. खुंबू हा नेपाळमधला त्या भागाचा प्रदेश. लुक्ला, नामचे, तेंगबोचे, डिंगबोचे, लोबुचे, गोरक्षेप अशी ही चढती वाट आहे. नामचे ३,४४० मीटरवर आणि डिंगबोचे ४,४०० मीटरच्या थोडं वर. डिंगबोचेच्या पुढे संध्याकाळी कुठल्याही लॉजच्या जेवणघरात बसलं की चारी टेबलांवरून खोकल्याचे आवाज येतात. पुण्या-मुंबईची मंडळी अशा वेळी हमखास म्हणतात, ‘थंडी बाधली’ किंवा ‘पाणी बदललं’. अँटिबायोटिकचं पाकीट उघडलं जातं आणि घसा होता तसाच राहतो, कारण बहुतेक वेळा त्यात जंतूंचा संबंधच नसतो. घसा वाळलेला असतो.

तो वाळतो कसा, हे समजायला थोडा हिशोब करावा लागेल. फुप्फुसांच्या आतवर पोहोचणारी हवा शरीराइतकी गरम आणि पाण्याच्या वाफेने पूर्ण भरलेली असावी लागते. अशा एक हजार लिटर हवेत ४४ ग्रॅम पाणी असतं. मुंबईच्या दमट दुपारी बाहेरच्या हवेतच हजार लिटरमागे वीस-एकवीस ग्रॅम पाणी तयार असतं, म्हणजे निम्मं काम हवेनेच केलेलं. डिंगबोचेहून लोबुचेला निघालेल्या ट्रेकरला सकाळी उणे पाच अंशांची कोरडी हवा मिळते. तिच्यात हजार लिटरमागे जेमतेम दीड ग्रॅम पाणी. उरलेलं सगळं नाकाने, घशाने आणि श्वासनलिकेने पुरवायचं.

आता त्या दिवसातला दुघल्यानंतरचा चढ घेऊ. दुघला ४,६२० मीटरवर. तिथून वर खिंडीपर्यंत, जिथे एव्हरेस्टवर गेलेल्यांची स्मारकं आहेत, अंगावर येणारा चढ आहे. इथे सामान्य ट्रेकर मिनिटाला चाळीसेक लिटर हवा आत-बाहेर करतो. स्वस्थ बसलेल्या माणसाला सात-आठ लिटर पुरतात. श्वास सोडताना नाक आणि घसा थोडं पाणी परत धरून ठेवतात, तरी हजार लिटरमागे तीसेक ग्रॅम जातंच. तासाला २,४०० लिटर हवा म्हणजे सत्तर-पंचाहत्तर मिलिलिटर पाणी निव्वळ श्वासातून गेलं. असे पाच-सहा तास चाललं की चारशे मिलिलिटरच्या आसपास. आकडा ऐकायला फार मोठा वाटत नाही. पण हे पाणी जातं ते बोटभर रुंदीच्या मार्गाच्या पातळ ओल्या अस्तरातून, हे लक्षात घेतलं की घसा का चिरतो ते कळतं.

उंचीची खरी मेख पुढे आहे. बेस कॅम्पला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो. त्यामुळे प्रत्येक लिटरमध्ये ऑक्सिजनही निम्माच, आणि तो भागवायला श्वास जास्त घ्यावे लागतात. पाण्याच्या वाफेला मात्र या दाबाचं काही देणंघेणं नसतं. ३७ अंशांच्या हवेला लिटरमागे जेवढं पाणी मुंबईत लागतं, तेवढंच गोरक्षेपला लागतं. ऑक्सिजन अर्धा आणि पाण्याचं बिल दुप्पट, असा हा व्यवहार आहे. सह्याद्रीत वर्षभर तयारी करून आलेला, कळसूबाई धावत चढणारा गडी खुंबूत घशाने हैराण होतो तो यामुळेच. कळसूबाई आहे १,६४६ मीटर. मांड्या तिथे तयार होतात, घशाला सवय होत नाही.

नाक हे या कामासाठीच घडलेलं आहे. आतल्या वळ्यांवर ओलं, रक्ताने गरम राहिलेलं अस्तर असतं, त्यावरून जाताना हवा तापते आणि भिजते. श्वास सोडताना त्याच गार झालेल्या वळ्यांवर थोडी वाफ परत जमते. तोंडाने श्वास घेतला की कोरडी हवा सरळ घशाच्या मागच्या भिंतीवर आदळते, वर लाळही सुकते. अडचण अशी की मिनिटाला पस्तीसेक लिटरच्या पुढे श्वास गेला की बहुतेकांचं तोंड आपोआप उघडतं. तेव्हा ‘नाकाने श्वास घ्या’ या सल्ल्याचा खरा अर्थ ‘हळू चाला’ असा होतो. खुंबूतले शेर्पा वाटाडे नवख्यांना ‘बिस्तारै, बिस्तारै’ म्हणत राहतात ते प्रामुख्याने उंचीच्या आजारासाठी, पण घशाचंही त्यातच भलं होतं. तोंड मिटून चालता येईल इतकीच चाल ठेवावी. तोंड उघडावंच लागलं तर दहा पावलं थांबून श्वास जाग्यावर आणावा. दुघल्याच्या चढावर हे सगळा वेळ जमेल असं नाही, आणि तिथे हट्टाने तोंड मिटून गुदमरण्यात काहीच शहाणपण नाही.

तिथे कामाला येतं ते फडकं. बफ म्हणून मिळणारी गळ्यातली कापडी नळी, सुती रुमाल, आजोबांचा मफलर, काहीही चालेल. नाकातोंडावर घेतलेलं कापड हवा गरम करतं असं लोक समजतात. ते खरंच आहे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सोडलेल्या श्वासातली वाफ कापडात अडकते आणि पुढच्या श्वासाबरोबर परत आत येते. कापड फार जाड असलं की दम कोंडतो आणि माणूस ते खाली ओढून टाकतो, म्हणून पातळ कापडाचे दोन पदर बरे. तासाभरात ते ओलंचिंब होतं, वाऱ्यात कडक गोठतंही. मग ते फिरवून कोरडा भाग तोंडावर घ्यावा, नाहीतर खिशातला दुसरा रुमाल काढावा. याकांच्या आणि खेचरांच्या तांड्यांनी उडवलेली वाटेवरची धूळही त्यात अडते. रात्रीही हलकंसं कापड नाकावर असू द्यावं, कारण बिनशेकोटीच्या खोलीत चोंदलेल्या नाकाने माणूस तोंड वासून झोपतो आणि सकाळी घोट गिळणं जड होतं. डोकं मात्र स्लीपिंग बॅगेत खुपसून झोपू नये. श्वासाच्या वाफेने बॅग भिजते आणि मग थंडी आतूनच वाजते.

जेवणघरातल्या शेकोटीपाशी बरं वाटतं खरं, पण तिथे जळतं ते याकचं वाळलेलं शेण. त्याचा धूर सोललेल्या घशावर मिठासारखा बसतो. शेकोटीपासून दोन टेबलं लांब बसलेलं बरं.

पाण्याबद्दल मात्र गैरसमज फार. प्यायलेलं पाणी घशावरून काही क्षणांत खाली जातं, त्यामुळे एकदम लिटरभर ढोसून घसा ओला राहत नाही. पाणी प्यायचं ते शरीरातली तूट भरायला, म्हणजे आतलं अस्तर स्वतः ओलं राहू शकेल. तहान थंडीत नीट लागत नाही, शिवाय डायमॉक्स घेणाऱ्याला लघवीही जास्त होते. दिवसाला तीन-चार लिटरपर्यंत, चहा आणि सूप धरून, बहुतेकांना पुरतं. लघवी फिकट पिवळी असली म्हणजे हिशोब बरोबर. ती पाण्यासारखी स्वच्छ असतानाही कुणी सांगितलं म्हणून सहा-सात लिटर पिणाऱ्याच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं, आणि त्यातली डोकेदुखी-मळमळ उंचीच्या आजारासारखीच दिसते, म्हणजे घोटाळाच.

घशाला खरा आराम मिळतो तो थोड्याथोड्या वेळाने घेतलेल्या गरम घोटाने आणि सतत सुटणाऱ्या लाळेने. थर्मासमधलं आलं-लिंबू-मध, लॉजमधलं लसणाचं सूप आणि चालताना तोंडात खडीसाखर, लवंग नाहीतर ज्येष्ठमधाची काडी. महागडी चघळायची गोळीही मुख्यतः लाळच सोडवते, मेंथॉलचा गारवा हा नुसता भास असतो. उलट घरून आणलेली सर्दीची गोळी घातक ठरू शकते. तिच्यातली अॅलर्जीची जुनी औषधं स्राव आणखी वाळवतात आणि झोप आणतात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध श्वासाची गती मंदावतं, आणि साडेचार हजार मीटरवर रात्री श्वास मंदावणं परवडत नाही. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचा फवारा निरुपद्रवी.

एवढं सगळं करूनही काहींचा खोकला जात नाही, आणि त्याचं कारण संशोधकांनी एका बंद खोलीत शोधलं. १९९७ साली फ्रान्समध्ये कोमेक्सच्या दाबकक्षात आठ जणांना हळूहळू एव्हरेस्टच्या उंचीपर्यंत ‘चढवलं’ गेलं. खोलीतली हवा ऊबदार होती आणि पुरेशी दमट ठेवलेली. तरीही त्यांचा खोकला वाढला, आणि खोकला चाळवायला लागणारं सायट्रिक आम्लाचं प्रमाणही कमी झालं. म्हणजे कोरडी थंड हवा हे मोठं कारण असलं तरी एकमेव नाही. कमी ऑक्सिजनमध्येही काहीतरी असं होतं की खोकल्याची कळ हलकी होते. मफलरने घसा वाचतो, पण सगळा खोकला थांबेलच असं नाही. काहींच्या बाबतीत उत्तर रक्तदाबाच्या गोळीत असतं. एनालाप्रिल, रामिप्रिल या जातीच्या गोळ्यांनी सपाटीवरही कोरडा खोकला येतो, म्हणून निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

कोरड्या हवेचा घसा ओळखायचा कसा? सकाळी सर्वांत वाईट, गरम चहानंतर बरा, ताप नाही, खोकला कोरडा आणि रात्री त्रास देणारा. ताप, घशात पांढरे डाग, गळ्याच्या गाठी सुजलेल्या असं असेल तर जंतुसंसर्गाचा विचार. आणि तिसरी शक्यता वेळ न दवडता ओळखावी लागते. आदल्या दिवशीपर्यंत बरोबरीने चालणारा माणूस अचानक मागे पडतो, बसल्या जागीही धाप लागते, ओठ निळसर दिसतात, छातीत खरखर होते, कदाचित गुलाबी फेसाळ बेडका पडतो. हे फुप्फुसात पाणी भरण्याचं लक्षण आहे, आणि त्यावर आल्याच्या चहाचा उपयोग नाही. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना १९७३ पासून ट्रेकच्या मोसमात चालतो. तिथे पोहोचेपर्यंतही वर जाणं बंद, ऑक्सिजन असेल तर लावायचा, आणि रात्र असली तरी माणसाला खाली न्यायला निघायचं.