रांजणातलं हिरवं, हवेतलं निळं

गोष्टीतल्या रंगाऱ्यानं रांजणातून कापड निळंच बाहेर काढलं, की मी ती गोष्ट तिथंच मिटतो. पन्नास वर्षं निळीच्या मागे घालवल्यावर एवढा हट्ट मी धरणारच. यंदा मात्र एका तरुण लेखिकेची कथा हातात आली आणि मी ती दोनदा वाचली. तिच्या गावचा रंगारी ओलं कापड उचलतो, ते पोपटी असतं. तो बोलत नाही, फक्त बघतो. कडा आधी निळसर होतात, मग मधला भाग, आणि घडीच्या पोटात हिरवं सगळ्यात शेवटपर्यंत तग धरतं. या मुलीनं रांजण पाहिलेला आहे.

निळीवर लिहिताना आमची मंडळी इतिहासातच अडकतात. १८५९चं बंगालचं बंड, १९१७चं चंपारण, १८९७ साली बाजारात आलेली जर्मन कारखान्याची नीळ, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. रंगारी रांजणाशी काय करतो, हे सहसा कुणी लिहीत नाही.

नीळ पाण्यात विरघळत नाही, तिथून सगळं सुरू होतं. तिला विरघळवायचं तर तिच्यातून निळेपणच काढून घ्यावं लागतं. दख्खनेत हे काम आंबवून होई. निळीनं कापड रंगवणाऱ्या निराळी समाजातला एक म्हातारा मी तरुणपणी सोलापूरकडे पाहिला. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांच्या अंगणात रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले होते, थंडीत ऊब टिकावी म्हणून. तात्या टाकळ्याचं बी शिजवून ते पाण्यासकट ओतत, वर चुन्याची निवळी, थोडा गूळ आणि ओली वाटलेली नीळ. मग झाकण ठेवून वाट पाहायची. बियांवर पोसलेले जंतू नीळ फोडतात आणि चुना तिला पाण्यात धरून ठेवतो. रांजण लागला की वर तांबूस साय धरते, निळा फेस येतो आणि खाली पिवळट हिरवं पाणी दिसतं.

तात्या बोटांत पाणी चोळून पाहत. बुळबुळीत लागलं तर चुना पुरेसा. कुजका, आंबट वास आला तर चुना कमी पडला. चुना जास्त झाला तर जंतू मंदावतात आणि रांजण गप्प बसतो; तेव्हा गूळ देऊन दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. शेवटी एक चिंधी बुडवायची. तात्या म्हणायचे, "हिरवी निघाली तर रांजण जित्ता. निळी निघाली तर त्याला हात लावू नको."

याच एका वाक्यासाठी मी हा लेख लिहितो आहे. चिंधी निळीच निघाली, म्हणजे नीळ विरघळलेलीच नाही, नुसती धाग्यावर बसली आहे. ती दोन धुण्यांत जाते आणि सदऱ्याच्या कॉलरखाली मान निळी करते. हिरवं निघालेलं कापड मात्र रंग धाग्याच्या आत घेऊन आलेलं असतं. तिथं हवेतला ऑक्सिजन भेटतो, नीळ पुन्हा न विरघळणारी होते आणि आतच अडकते.

म्हणून कापड आधी साध्या पाण्यात भिजवायचं, म्हणजे घड्यांतली हवा निघते. रांजणात ते खालीच फिरवायचं, पाणी ढवळून हवा आत ओढायची नाही. बाहेर काढलं की घड्या मोकळ्या करायच्या. गडद रंग एका बुडीत येत नाही. तात्या आधी जुन्या, फिक्या रांजणात बुडवत, मग नव्यात, आणि दर बुडीनंतर कापड वाऱ्यावर पूर्ण निळं होऊ देत. सात-आठ बुड्यांनंतर येणारा काळपट निळा मी अजून विसरलो नाही.

रंगाचा उगम झाडातला की कारखान्यातला, यावर आमच्या क्षेत्रात काही जण सभा गाजवतात. मला तो वाद गौण वाटतो. तात्यांची नीळ शेवटच्या वर्षांत डब्यातली पूडच होती. पण रांजण आंबवलेला होता आणि त्यांचं कापड पक्कं होतं. झाडाचीच नीळ हवी म्हणून अडून बसणाऱ्या एका व्यापाऱ्याचा माल मी पाहिला आहे. कच्च्या रांजणातला, हाताला लागणारा.

आज हायड्रोची पूड टाकली की अर्ध्या तासात पाणी पिवळं होतं. ती वाईट नाही, बुड्या नीट दिल्या तर रंगही पक्का येतो. पण घाईत दोनच बुड्या देऊन, घड्या न उघडता माल दोरीवर जातो. टाकळ्याचा रांजण दहा-पंधरा दिवस लागायला घेई आणि त्या दिवसांत शिकाऊ पोरगा वास, बोट, साय ओळखायला शिके. ते शिकणं बंद पडलं आहे. तात्यांचे रांजण आता मातीनं भरले आहेत.

त्या लेखिकेला मी एवढंच कळवलं, कथेतला एक शब्दही बदलू नका. आणि निळं कापड विकत घेणाऱ्यांना सांगणं हे, की पांढरा ओला रुमाल त्यावर जोरात घासून पाहा. रुमाल गडद निळा झाला, तर बहुधा ते कापड रांजणातून हिरवं निघालं नव्हतं किंवा त्याला नीट धुतलं नव्हतं. दोन्ही वेळा ते दुकानातच ठेवा.