पाच तारखेच्या आत

पीपीएफचा व्याजदर सरकार दर तिमाहीला ठरवते. एप्रिल २०२० पासून तो ७.१ टक्के आहे, पण पंधरा वर्षांसाठी बांधलेला नाही. व्याज मोजताना महिन्याच्या पाच तारखेनंतर ते महिनाअखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरतात. दीड लाख रुपये पाच एप्रिलपर्यंत भरले तर वर्षाचे व्याज १०,६५० रुपये. तेच करबचतीच्या घाईत मार्चअखेर भरले, तर त्या वर्षी शून्य!

मुदतही खाते उघडल्याच्या तारखेपासून नव्हे, त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. जून २०१० मधले खाते १ एप्रिल २०२६ ला पुरे होते. पुढे पैसे भरत राहायचे असतील तर वर्षभरात मुदतवाढीचा अर्ज द्यावा लागतो. नाहीतर नव्या भरण्यावर व्याज मिळत नाही. इथेच बरेचजण फसतात.

सातव्या आर्थिक वर्षापासून थोडी रक्कम काढता येते. त्यामुळे अचानकच्या खर्चाची सोय आधी बचत खात्यात करावी. पीपीएफ हा संपत्तीचा न हलणारा भाग. महागाईच्या पुढे धावण्याचे काम माझ्या मते शेअर फंडांकडेच सोपवावे.