हेल्मेटखालचे केस आणि उन्हाचे पट्टे

माझी भाची पिंपरीहून शिवाजीनगरला स्कूटरने कामाला जाते. कापडाच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांसमोर उभे राहायचे काम. एके दिवशी ती मला रस्त्यात दिसली, तर हेल्मेट आरशाला लटकवलेले! घरी आल्यावर रागावले, तेव्हा म्हणाली, "मावशी, केस डोक्याला असे चिकटतात की दुकानात सगळे हसतात. शेवटच्या सिग्नलपासून काढून ठेवते." डोके फुटायला शेवटचा सिग्नलही पुरतो, हे तिला सांगितलेच. पण नुसते रागावून मुलगी हेल्मेट घालणार नाही, केसांचे काहीतरी करायलाच हवे होते.

भगिनींनो, केसांचा एक साधा गुण आहे. ओला केस ज्या आकारात दाबला जातो, त्याच आकारात वाळून बसतो. आमची भाची सकाळी सहाला डोक्यावरून न्हायची आणि साडेसातला हेल्मेट चढवायची. वरवर केस वाळलेले, पण मुळे दमट. त्यात घाम. पाऊण तास दाबून वाळले की चापट बसणारच. तेव्हा पहिला बदल केला तो हा, की न्हायचे संध्याकाळी. सकाळी घाईत न्हावेच लागले तर मुळे हाताला कोरडी लागेपर्यंत हेल्मेट नाही. वाटेत भांग रोजच्या उलट्या बाजूला पाडायचा आणि मानेजवळ सैल वेणी घालायची. उंच अंबाडा किंवा मोठी क्लिप नको. त्याने हेल्मेट वर उचलले जाते आणि नीट बसत नाही.

दुकानाशी पोहोचल्यावर बोटांची टोके पाण्यात बुडवून फक्त टाळूवरची मुळे ओलसर करायची, डोके खाली वाकवून बोटांनी केस उचलायचे आणि दोन-तीन मिनिटे थांबायचे. मग भांग पुन्हा आपल्या जागी. ज्या पाण्याने केस चापट होतात, त्याच पाण्याने ते उठतातही. सगळे डोके भिजवले तर मात्र काही उपयोग नाही.

हेल्मेटखाली ओढणीचे चार वेढे घेऊ नयेत. एकच पातळ सुती रुमाल बांधावा, तो घाम टिपतो. पट्टा लावून मान जोरात हलवून पाहावी. हेल्मेट मागेपुढे सरकले तर कापड जास्त झाले समजा. आतले अस्तर निघत असेल तर आठवड्यातून एकदा साबणाने धुऊन सावलीत वाळवावे. दुसऱ्याचे हेल्मेट घालायची वेळ आली तर रुमाल स्वतःचाच.

आता चेहरा. हेल्मेटची काच खाली ओढली तर उन्हाचा बराच त्रास तिथेच अडतो, पण गरम होते म्हणून सगळ्या ती वर ठेवतात. मग नाकावर, गालावर उन्हाचा पट्टा आणि कपाळ वेगळे. सनस्क्रीन घेताना ट्यूबवर 'एसपीएफ ३०' किंवा जास्त आणि 'पीए' पुढे तीन अधिक चिन्हे पाहावीत. बहुतेकींची चूक मापात होते. वाटाण्याएवढे लावून भागत नाही. तर्जनी आणि मधले बोट यांवर लांबीभर दोन रेघा काढाव्यात, तेवढे चेहरा आणि मान मिळून लागते. निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटे लावावे. घामाने ते निघून जाते, म्हणून दुपारी परत निघताना चेहरा पाण्याने धुऊन, न घासता टिपून, पुन्हा लावावे. ट्यूब महाग वाटते हे खरे. हातांसाठी ती खर्चूच नका. सुती सनकोट आणि हातमोजे घातले की मनगटावर पट्टा पडत नाही.

पडलेला पट्टा दोन दिवसांत जात नाही. ऊन टाळले की काही आठवड्यांत, कधी महिन्यांत आपोआप फिका होतो. बेसन-दह्याने मळ निघतो, रंग नव्हे. लिंबू चोळून तर उन्हात मुळीच जाऊ नये, कातडी भाजते आणि काळे डाग पडतात.

भाचीच्या पर्समध्ये मला एक मलमही सापडले. शेजारणीने दिलेले, "आठ दिवसांत गोरी होशील" म्हणून. लेबल वाचले, तर आत स्टेरॉईड! आपल्या मुलींना रंगावरून लहानपणापासून टोमणे ऐकावे लागतात, आणि त्याच जखमेवर हा धंदा चालतो. असे मलम आधी चेहरा उजळ दाखवते. मग कातडी पातळ होते, उन्हात लाल होऊन आग होते, मुरुमे येतात, गालावर लव वाढते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ती दुकानांत मागितली की मिळतात. नावात 'बीटामेथासोन', 'क्लोबेटासोल' किंवा 'मोमेटासोन' दिसले तर स्वतःहून लावू नका. बरेच दिवस लावले असेल तर बंद केल्यावर आग उसळते आणि मुलगी घाबरून पुन्हा लावते. तेव्हा ट्यूब बरोबर घेऊन सरकारी दवाखान्यातल्या त्वचारोग विभागात जावे.

भाचीने ते दोनदाच लावले होते, म्हणून निभावले. हेल्मेट आता दुकानाच्या दारात उतरते. पर्समध्ये कंगवा, एक रुमाल आणि पाण्याची छोटी बाटली असते.