स्वागताच्या चिठ्ठीतली जपानी

जपानमध्ये नवे कर्मचारी सहसा 1 एप्रिलला रुजू होतात. पुण्यात जपानी शिकून नागोयाच्या किंवा ओसाकाच्या कार्यालयात दाखल होणाऱ्या मराठी तरुणाला व्याकरण येत असतं, अडतं ते जाता-येता बोलल्या जाणाऱ्या वाक्यांपाशी. त्याच्या टेबलावर आधीपासून तिथं असलेल्या मराठी सहकाऱ्यानं स्वागताची एक चिठ्ठी ठेवली, तर फार उपयोग होतो. तिच्यात नुसते शब्दार्थ देऊन भागत नाही. वाक्य कोणाला म्हणायचं, केव्हा म्हणायचं आणि समोरच्यानं म्हटलं तर उत्तर काय द्यायचं, हेही लिहायला हवं.

‘ओत्सुकारेसामा’चंच घ्या. ‘त्सुकारे’ म्हणजे थकवा, मागेपुढे आदराचे प्रत्यय. म्हणून ‘तुम्ही थकलात’ असं भाषांतर केलं, तर दुपारी तीन वाजता जिन्यात भेटलेला ताजातवाना माणूस असं का म्हणतो, हे नवख्याला कळणार नाही. सकाळचं ‘ओहायो गोझाइमास’ झालं की पुढे दिवसभर सहकाऱ्यांमध्ये ‘ओत्सुकारेसामा देस’ चालतं: बैठकीत शिरताना, फोन उचलल्यावर, कंपनीतल्या कंपनीत ईमेल लिहिताना पहिल्या ओळीत. काम आटोपल्यावर त्याचं ‘देश्ता’ होतं. मराठीत त्याची दोन रूपं करावीत. दिवसाचं ‘काय, चाललंय ना काम?’ आणि संध्याकाळचं ‘बरीच दगदग झाली तुमची’. उत्तर म्हणून तेच वाक्य परत म्हणायचं.

इथं दोन खड्डे आहेत. ‘गोकुरोसामा’ हा शब्द अर्थानं जवळचा, पण तो वरिष्ठानं कनिष्ठाला म्हणायचा. नव्या माणसानं साहेबांना म्हटला, तर शाबासकी दिल्यासारखं होतं. दुसरं, बाहेरच्या ग्राहकाला लिहिताना ओत्सुकारेसामा चालत नाही. तिथं ‘ओसेवा नि नात्ते ओरिमास’, म्हणजे ‘आपलं सहकार्य लाभतं आहे’, अशी सुरुवात करतात.

निघण्याची वेळ सर्वांत अवघड. इतर जण बसलेले असताना उठायचं, तर ‘ओसाकी नि शित्सुरेई शिमास’ म्हणतात. शब्दशः ‘तुमच्याआधी जाण्याचा उद्धटपणा करतो’. हे वाचून नवखा बिचकतो आणि काम नसतानाही थांबून राहतो. चिठ्ठीत स्पष्ट लिहावं की यात अपराधाची कबुली नाही, ही निरोपाची रीत आहे. आपणही ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतोच. म्हणून ‘जरा आधी निघतो, येतो हं’ हेच भाषांतर नेमकं. मागून ‘ओत्सुकारेसामा देश्ता’ ऐकू आलं की मोकळ्या मनानं घरी जावं.

‘इतादाकिमास’ मराठी माणसाला लवकर उमगतो. ‘इतादाकु’चा जुना अर्थ डोक्यावर घेणं. आपण प्रसाद कपाळाला लावून घेतो, तसा हा घेण्यातला नम्रपणा. जेवायला सुरुवात करण्यापूर्वी हात जोडून म्हणतात, आणि कोणी प्रवासाहून आणलेली मिठाई पुढे केली तरी म्हणतात. शाकाहारी माणसानं मात्र ते म्हणण्याआधीच पदार्थात ‘दाशी’ आहे का, हे विचारावं. हा पाण्यात उतरवलेला अर्क बऱ्याचदा सुक्या माशाचा असतो. जेवण झाल्यावर ‘गोचिसोसामा देश्ता’. त्याला आपल्याकडे ‘अन्नदाता सुखी भव’ तयारच आहे. साहेबांनी रात्री जेवू घातलं असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी भेटल्यावर ते पुन्हा एकदा म्हणायचं. हे पुस्तकात सहसा सापडत नाही आणि राहिलं तर जाणवतं.

आता चिठ्ठी अशी लिहिता येईल:

‘स्वागत! पहिल्या दिवशी उभं राहून नाव सांगा आणि शेवटी “योरोशिकु ओनेगाई शिमास” म्हणा. म्हणजे “नवीन आहे, सांभाळून घ्या”. दिवसा कोणी “ओत्सुकारेसामा देस” म्हटलं, तर तेच म्हणा. दमलात का, असं कोणी विचारत नाहीये. साहेबांना गोकुरोसामा म्हणू नका. आधी निघायचं असेल, तर “ओसाकी नि शित्सुरेई शिमास”, म्हणजे आपलं “येतो हं”. उद्या दुपारी एकत्र जेवू. हात जोडून “इतादाकिमास” म्हणायचं, बाकीचं तिथं सांगतो.’

एवढी चिठ्ठी पुरे. आणखी वीस वाक्यांची यादी जोडली, तर पहिल्या आठवड्यात त्यातलं एकही तोंडात बसत नाही. उच्चार देवनागरीत लिहावेत, म्हणजे ‘देसु’ऐवजी कानावर पडणारं ‘देस’ डोळ्यांपुढे राहतं. तुमच्या कार्यालयात कोणी नवा मराठी माणूस येणार असेल, तर ही चिठ्ठी त्याच्या पहिल्या सकाळीच टेबलावर ठेवा.