मेलमधून भरताचा वास यावा

‘खानदेशी पदार्थांवर लिहू का?’ एवढ्याच मेलवरून संपादक काय ठरवणार? विषयाच्या ओळीतच ‘जळगावचं भरीत ते कळण्याची भाकरी : सहा लेख’ असं लिहावं. खाली सहाही पदार्थांची नावं आणि एकाची नीट ओळख द्यावी. भरताचंच घ्या. हिरवी-पांढरी मोठी वांगी तुरकाट्यांवर भाजायची, मिरची-लसूण घालून लाकडी बडगीत कुटायची, हे वाचलं की हात घरचा आहे हे कळतं. गॅसवर भाजल्यास तो धुरकट वास कमी येतो, हेही सांगावं. शहरातल्या वाचकाला तेच हवं असतं. मला ती ओळ सगळ्यांत मोलाची वाटते. सोबत एक पूर्ण लेख जोडावा, आधी कुठेच न छापलेला. त्यात ‘अंदाजे’ नको. कळण्यासाठी चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद, असं मोजून लिहावं.